मदत हवी आहे: भूखंडासमोर तुंबलेल्या मलवाहिनीबाबत नगरपालिकेला द्यावयाचा अर्ज

भूखंडधारक
आमच्या मोकळ्या भूखंडासमोरील रस्त्यातल्या चेंबरमधून नऊ दिवसांपासून मैलापाणी वर येत असून ते कडेने वाहत आमच्या कुंपणाशी साचते. दोनदा फोनवर तक्रार केली. दोन्ही वेळा सक्शन गाडी आली, चेंबर रिकामे करून गेली आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा काठोकाठ भरले. आता लेखी अर्ज द्यायचा आहे. मसुदा असा:

«विषय: भूखंडासमोरील मैलापाणी तातडीने थांबवण्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी गेल्या नऊ दिवसांपासून असह्य दुर्गंधी पसरली असून रहिवाशांच्या आरोग्यास गंभीर धोका निर्माण झाला आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.»

यात काय कमी आहे?

शेजारधर्म
आधी जबाबदारी कोणाची ते पाहा. जोडणी मालकाची असते, त्यामुळे खर्च तुमच्याच माथी मारला जाईल.

निवृत्त ओव्हरसियर
शेजारधर्म यांचे म्हणणे घराच्या जोडणीपुरते सहसा बरोबर असते, पण येथे वर येणारे चेंबर रस्त्यातील मुख्य वाहिनीवर आहे आणि भूखंडावर घरच नाही. हे वाक्य अर्जात सुरुवातीलाच लिहा, म्हणजे तुमची जोडणी तुंबली असेल हे उत्तर मिळणार नाही.

आता एक विचारतो. गाडी आली तेव्हा उताराच्या बाजूचे पुढचे चेंबर उघडले होते का, आणि त्यात पाणी किती होते?

भूखंडधारक
उघडले होते. तळाशी बारीक धार वाहत होती, बाकी कोरडेच. ते आमच्यापासून साधारण तीस पावलांवर आहे. त्याच्याही पुढचे चेंबर पाहिलेले नाही. झाकण उचलून पाहू का?

निवृत्त ओव्हरसियर
नको. आतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. शिवाय आता गरजही नाही. वरचे चेंबर भरलेले आणि खालचे कोरडे, याचा अर्थ अडथळा या दोघांमधल्या तीस पावलांत आहे. खालचेही तुडुंब असते, तर दोष आणखी पुढे किंवा पंपिंग स्टेशनवर शोधावा लागला असता.

सक्शनने चेंबरातले पाणी उपसले जाते, पण नळातला बोळा जागच्या जागी राहतो. म्हणून संध्याकाळी पुन्हा तेच. येथे जेटिंगची गाडी हवी. खालच्या चेंबरातून नळात पाइप सोडला की पाण्याच्या दाबाने तो वरच्या दिशेने सरकतो आणि सुटलेला गाळ खालच्या चेंबरात येतो. तो तेथून उपसला नाही, तर पुढे जाऊन दुसऱ्याच्या दारात अडतो.

सोसायटी सचिव
आमच्याकडेही पावसाळ्यात असेच होते. पावसाळी गटार साफ केल्यावर थांबले. तुम्हीही तेच मागा.

भूखंडधारक
आपण सुचवलेत, आभारी आहे. पण येथे या नऊ दिवसांत पाऊस झालेला नाही आणि पाण्यात मैला स्पष्ट दिसतो. सकाळी वापराच्या वेळी जोर वाढतो, मध्यरात्री बराच कमी होतो.

निवृत्त ओव्हरसियर
ही वेळेची नोंदही अर्जात घाला. आणखी एक: त्या डबक्याखालून पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी जाते का? पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि सांधा गळका असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाला पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वासाचे असेल, तर तपासणीसाठी नमुना घेण्याची मागणी करा. तातडी सिद्ध करायला दुर्गंधीपेक्षा हे कारण जड आहे.

भूखंडधारक
वाहिनी त्याच कडेने जाते. पाणी अद्याप स्वच्छ दिसते, पण शेजारी ते उकळून पीत आहेत. अर्ज असा बदलला आहे:

«माझ्या भूखंडावर बांधकाम नसून कोणतीही जोडणी नाही. रस्त्यातील चेंबर नऊ दिवसांपासून भरून वाहत आहे. सकाळी प्रवाह सर्वाधिक असतो. आपल्या पथकाने पाहिले तेव्हा उताराकडील पुढील चेंबर जवळपास कोरडे होते. दोनदा सक्शन करूनही ते त्याच दिवशी पुन्हा भरले. तरी या दोन चेंबरांमधील वाहिनी जेटिंगने साफ करावी, निघालेला गाळ उचलावा, साचलेले मैलापाणी उपसून जागा निर्जंतुक करावी आणि लगतच्या नळांच्या पाण्याचे नमुने तपासावेत. तारखांसह छायाचित्रे व दोन्ही तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत.»

शेजारधर्म
पाइपच खचला असेल तर?

निवृत्त ओव्हरसियर
तर जेटिंगचा पाइप दर वेळी त्याच अंतरावर अडेल. तेव्हा कॅमेरा किंवा खोदकाम. मात्र मुळांमुळेही असेच अडते, त्यामुळे आजच ‘पाइप खचला’ असे लिहू नका. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक शिक्का व क्रमांक घ्या, आणि गाडी येईल त्या दिवशी पाइप किती पावलांवर अडला ते विचारून ठेवा.

भूखंडधारक
उद्या सकाळी देतो. पाइप अडला तर अंतर येथे लिहीन.