स्पॉन्सरशिपचं पत्र दिरांना नीट समजावून सांगायचंय, सल्ला हवा

मेघना_क
धाकट्या दिरांना ब्रिटनमधल्या एका कंपनीचं पत्र आलंय. ते मेकॅनिकल इंजिनियर आहेत, इंग्रजीची परीक्षाही पास आहेत. पण कायदेशीर भाषा आली की अडतात, वाचन सगळं मराठीच. पूर्ण पत्राचं भाषांतर करून देऊ का? सोमवारी ते राजीनामा देणार आहेत.

पांथस्थ
राजीनामा आधी थांबवा. सीओएसबद्दल, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपबद्दल, पत्रात नेमकं काय लिहिलंय?

मेघना_क
"चौकशी समाधानकारक झाल्यास आणि गृहखात्याने मंजूर केल्यास सीओएस देण्याचा आमचा मानस आहे." शेवटी, पहिल्या महिन्यात घर शोधायला मदत करू, असंही आहे.

विनय७७
मग तर सोपं आहे! कंपनी पहिल्या महिन्याची हमी घेतेय, म्हणजे बँकेचे कागद लागणार नाहीत.

पांथस्थ
विनय, तशी सूट आहे, पण ती या वाक्याने मिळत नाही. गरज पडल्यास पहिल्या महिन्याअखेरपर्यंतचा खर्च आम्ही उचलू, असं कंपनीने सीओएसमध्ये नोंदवावं लागतं. घर शोधून देणं वेगळं. ती नोंद नसेल तर खात्यात किमान 1,270 पौंड सलग 28 दिवस दिसायला हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मेघनाताई, शब्दशः भाषांतर नको. त्यांच्या शेजारी बसा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे झालंय, की होणार आहे? तुम्ही दिलेल्या वाक्यात काहीच झालेलं नाही. सीओएस ही गृहखात्याच्या ऑनलाइन यंत्रणेतली नोंद असते आणि तिला क्रमांक असतो. तो क्रमांक मिळाल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरताच येत नाही. मिळाल्यावर मात्र तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. तेव्हा सीओएसची प्रत मागून घ्या आणि पद, पगार, रुजू होण्याची तारीख पत्राशी ताडून बघा.

सह्याद्री_वारा
माझ्याकडून एजंटने सीओएसचे म्हणून पैसे घेतले होते. पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता.

पांथस्थ
31 डिसेंबर 2024 पासून दिलेल्या सीओएसची फी कंपनीला कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. परदेशी माणूस नेमल्याबद्दल सरकार घेतं तो स्किल्स चार्जही कंपनीनेच भरायचा. व्हिसाची फी मात्र अर्जदाराच्या अंगावर पडू शकते.

मेघना_क
भावोजींना आत्ताच वाक्यं वाचून दाखवली. "मानस आहे" ऐकल्यावर ते स्वतःच म्हणाले, म्हणजे अजून दिलेलं नाही. राजीनामा थांबवलाय. पण एक कलम राहिलं: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर व्हिसाचा खर्च परत करायचा. हे चालतं का?

पांथस्थ
"खर्च" यात काय काय धरलंय, ते कंपनीकडून लेखी घ्या. सीओएसची फी किंवा स्किल्स चार्ज त्यात असेल तर हरकत घ्या. उरलेल्या रकमेचं मी छातीठोक सांगणार नाही. ते कलम तिथल्या वकिलाला दाखवा.

विनय७७
माझ्या करारातही असंच कलम होतं, मी न वाचता सही केली. कुणी परत मागितल्यावर भरलेत का?