मदत हवी आहे: फुल मॅरेथॉनसाठी ५:२६ चा पेस धरू की ५:४० चा?

माझी हाफ मॅरेथॉन १ तास ५० मिनिटांत होते. रीगलच्या सूत्राने (अंतर दुप्पट, घातांक १.०६) फुलची वेळ ३:४९ येते, म्हणजे किलोमीटरला ५:२६. पण हे सूत्र धरून चालतं की लांब अंतराचा सराव पुरेसा झालाय. माझा आठवड्याचा सराव जेमतेम ४० किलोमीटर, म्हणून शंका येते.

समजा ३० किलोमीटर ५:२६ ने धावले आणि मग स्नायूंमधलं ग्लायकोजेन संपत आल्यामुळे उरलेले १२.२ किलोमीटर ६:१५ वर गेले, तर एकूण ३:५९ लागतात. सुरुवातीपासून ५:४० धरला तरी तेवढेच! वेगात धावताना शरीर चरबीपेक्षा कार्बोहायड्रेट जास्त जाळतं, त्यामुळे ५:४० वर साठा जास्त टिकेल असं मला वाटतं.

लाँग रनमध्ये २५ किलोमीटरनंतर पेस तोच असूनही माझे हार्ट रेट चढत जातात आणि मांड्या जड होतात. हे इंधन कमी पडल्याचं लक्षण, की स्नायू थकल्याचं? जेल घेऊन तोच रन पुन्हा केला तर फरक कळेल का? कमी सरावावर फुल धावलेल्यांनी घातांक किती धरला, तेही कृपया सांगा.