'डेड स्टॉक'ला दुकानात काय म्हणतात?

सुलभा: भावाच्या हार्डवेअर दुकानाचा अहवाल मराठीत करतेय. शेवटच्या विक्रीला किती दिवस झाले आणि शिल्लक मालाची किंमत, असे दोन रकाने. 90 दिवसांपुढे 'स्लो मूव्हिंग', 180 पुढे 'डेड स्टॉक'. मथळे काय देऊ?

गुरुजी: जडवस्तू संग्रह! आमच्या शाळेत त्याची नोंदवहीच असते.

पेठकर: गुरुजी, तुमच्या वहीत टेबल, कपाटं, घंटा. ती विकायला आणलेलीच नसतात. हिचा माल विकायला आणलाय आणि जात नाहीये. आम्ही 'बसलेला माल' म्हणतो. हळू जाणाऱ्याला 'उठाव कमी'.

निखिल: 'मृत साठा' म्हणा. दिवस जास्त तो वर, अशी यादी लावली की झालं.

पेठकर: तिथेच फसाल. बिजागऱ्यांच्या 8 जोड्या 410 दिवस पडल्यात, पण 45 च्या खरेदीने होतात 360 रुपये. जुन्या घडणीचे 24 पितळी नळ 230 दिवसांचे, 650 प्रमाणे 15,600. नळ खाली आणि बिजागऱ्या वर असं दाखवून मालकाला काय सांगणार? 180 दिवसांची चाळणी लावायची, मग यादी रकमेने लावायची. रक्कम खरेदीभावाने, एमआरपीने नाही. एमआरपीत न मिळालेला नफा मोजला जातो.

निखिल: मान्य. पण 180 च्या आतला माल तरी ठीक ना?

पेठकर: नाही. बेसिन मिक्सर 12 शिल्लक, 2,200 प्रमाणे 26,400. एक 9 दिवसांपूर्वी गेला म्हणून यादीत येतच नाही. वर्षात गेले दोन! या वेगाने संपायला सहा वर्षं. म्हणून 'वर्षभरातली विक्री' हा तिसरा रकाना हवाच.

सुलभा: माझ्याकडे काही वस्तूंना 46 हजार दिवस दिसतायत!

पेठकर: त्या कधी विकल्याच गेल्या नाहीत. रिकामी तारीख एक्सेल शून्य धरतं, म्हणजे मोजणी थेट 1900 सालापासून. तिथे खरेदीची तारीख घ्या:

```
=TODAY()-IF(C2="",B2,C2)
```

B मध्ये खरेदी, C मध्ये शेवटची विक्री. आणि अशा ओळींना वेगळा रंग द्या, नाहीतर परवा आलेला माल आणि परवा विकलेला माल सारखेच दिसतील.

रेवती: माझं कापडदुकान. ऑगस्टमध्ये सगळे स्वेटर 180 च्या पुढे. ते काय मेलेत? दिवाळीनंतर जातातच.

पेठकर: त्यांना 'हंगामी' खूण. गेल्या थंडीतही गेले नसतील तर मात्र बसलेच.

सुलभा: मग मथळा 'पडेल माल' देऊ का?

रेवती: नको, 'पडेल भाव' म्हणजे उतरलेला भाव. लोकांना वाटेल सेल लागलाय. 'पडून असलेला माल' बरं.

गुरुजी: 'बसलेला' छापील कागदावर शोभेल का, शंकाच आहे.

पेठकर: भाऊ वाचणार, साहेब नाही. बसू द्या.