मदत हवी आहे: प्रबंधिकेचे शीर्षक आवळताना ‘परिणाम’ऐवजी कोणता शब्द?

एम.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला शीर्षकाबद्दल टिपण द्यायचे आहे. सध्याचे शीर्षक: ‘सांगली जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांच्या उत्पन्नावर ठिबक सिंचनाचा परिणाम’. हातात आहेत तासगाव तालुक्यातल्या 4 गावांचे 60 बागायतदार, सगळे ठिबकवाले, प्रश्नावली एकदाच भरलेली.

‘जिल्हा’ काढायला सांगितले आहे. दहा तालुक्यांत शिराळ्याचा पाऊस आणि जतचा दुष्काळ दोन्ही येतात. एका तालुक्यावरून जिल्हा बोलत नाही.

खरी अडचण ‘परिणाम’ची. ठिबक नसलेला एकही शेतकरी नमुन्यात नाही, ठिबकाआधीच्या नोंदीही नाहीत. उत्पन्न वाढले ते ठिबकाने, भावाने की बेदाण्यामुळे, हे वेगळे काढताच येत नाही. शिवाय प्रश्नावलीत विचारले आहे फक्त पाणी आणि खताच्या खर्चाबद्दल, तेही आठवणीवरून. म्हणजे ‘उत्पन्न’सुद्धा गेले.

माझा मसुदा: ‘तासगाव तालुक्यातील निवडक ठिबकधारक द्राक्ष बागायतदारांनी नोंदवलेला पाणी व खतखर्चातील बदल’.

‘नोंदवलेला’ म्हटले की वहीतली नोंद वाटते. ‘सांगितलेला’ नेमका आहे, पण शीर्षकात बोलीतला वाटेल का? आणि ‘निवडक’ पुरे, की ‘चार गावांतील’ असेच लिहायला लावू? (‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट कृपया सुचवू नका.)