नव्या नोकरीच्या पोर्टलवर जुना पीएफ लपवावा का?

सुपर_कॉरिडॉरकर: पुण्यातली सव्वाचार वर्षांची नोकरी सोडून इंदूरला परत आलोय. नव्या कंपनीचं पोर्टल भरतोय: अडीअडचणीला कुणाला कळवायचं, बँक खातं, जुन्या नोकरीचा पेन्शन नंबर. मित्र म्हणतो, "आधी पीएफ होता का?" इथे सरळ 'नाही' कर. बेसिक 15,000 च्या वर आहे, कपात होणार नाही, हातात जास्त येईल. मलाही पटतंय. काय चुकतंय?

पोहे_जिलबी: काही चुकत नाही. मी 32,000 बेसिकवर लागलो, पीएफ नको म्हणालो, एचआरने निमूट मान्य केलं. आपले पैसे आपल्या हातात बरे.

निवृत्त_अकाउंटंट: पोहेभाऊ, तुमची ती पहिलीच नोकरी होती ना? मग तुम्हाला ती मुभा होती. एकदा सदस्य झालेल्याला नुसती नोकरी बदलली म्हणून ती मिळत नाही. आणि लपवून लपणार कसं? यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तो आधारला जोडलेला असतो. नवा नंबर काढायला आधार टाकला की जुना समोर येतो. मग हे प्रश्न ज्यात असतात त्या फॉर्म 11 वर खोटं लिहून दिल्याचं निस्तरत बसा.

आता नंबराचं. पेन्शनचा वेगळा नंबर नसतो. पीपीओ नंबर पेन्शन सुरू झाल्यावर मिळतो, तो इथे शोधू नकोस. पीएफचं पासबुक उघड. 12 आकडी तो यूएएन, आणि PUPUN ने सुरू होणारा लांबलचक तो Member ID. जुन्या नोकरीचा म्हणून हा दुसरा द्यायचा. इंदूरच्या कंपनीत नवा मिळेल तो बहुधा MPIND चा असेल, यूएएन मात्र तोच राहील.

रामबागची_सून: कळवायला बायकोचं नाव घाला, नाहीतर उद्या पैसे भावाला जातील! आमच्या चुलत दिरांचं तसंच झालं.

निवृत्त_अकाउंटंट: ताई, ते नॉमिनेशन. ते पीएफच्या साइटवर वेगळं भरावं लागतं. इथे फोन पटकन उचलणारं, शक्यतो गावातलंच माणूस हवं. बायको शाळेत शिकवत असेल आणि तासाला फोन बंद ठेवत असेल तर शेजारचे काका बरे.

विजयनगर_मंजिरी: मी लपवलं काहीच नव्हतं, तरी फसले. फॉर्मवर दोन प्रश्न लागोपाठ येतात: आधी भविष्य निधीचे सदस्य होतात का, आणि आधी पेन्शन योजनेचे सदस्य होतात का. मला वाटलं पेन्शन म्हणजे सरकारी नोकरीतली. पहिल्याला 'होय', दुसऱ्याला 'नाही'. बेसिक 28,000. कंपनीचा 12 टक्के हिस्सा 3,360 होतो. त्यातले 1,250 पेन्शनमध्ये आणि 2,110 पीएफमध्ये जायला हवे होते. गेले सगळेच्या सगळे पीएफमध्ये. चौदा महिन्यांनी पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यात खालपर्यंत शून्यं! 17,500 रुपये इकडचे तिकडे करायला कंपनीने पीएफ ऑफिसला पत्र लिहायचं होतं, आणि ते लिहून घेण्यातच माझं अर्धं वर्ष गेलं. पहिल्या पगारानंतर तो रकाना बघा, एवढंच सांगते.

पोहे_जिलबी: मंजिरीताई, तुमचा तर फायदाच झाला की! पीएफवर व्याज मिळतं, 2024-25 ला 8.25 टक्के होतं. पेन्शनचं गणित करा: 15,000 गुणिले दहा वर्षं भागिले 70, म्हणजे महिन्याला जेमतेम 2,143. तेही 58 व्या वर्षी. कशाला पाठीमागे लागलात?

विजयनगर_मंजिरी: गणित बरोबर आहे भिया. पण नोकरीत असताना माझं काही झालं तर नवऱ्याला आणि लेकीला पेन्शन त्याच रकान्यातून मिळणार. आणि दहा वर्षं भरली नाहीत तर 2,143 सुद्धा नाहीत. माझी जुनी सहा वर्षं मी का सोडू?

पोहे_जिलबी: ज्याची त्याची आवड. मी तर एफडीच करीन.

निवृत्त_अकाउंटंट: आवड असती तर वाद नव्हता, इथे निवड तुमच्या हातात नाही. जुन्या पेन्शन सदस्याचे पैसे पेन्शनमध्ये जाणारच. उलट 1 सप्टेंबर 2014 नंतर 15,000 च्या वरच्या बेसिकवर पहिल्यांदाच लागलेल्याचे जायला नकोत. म्हणून त्या दुसऱ्या टिकचं एवढं महत्त्व. बँकेच्या रकान्यात एकच बघ: आयएफएससीमधलं पाचवं अक्षर शून्य असतं, लोक ओ टाइप करतात.

सुपर_कॉरिडॉरकर: काका, एक सांगायचं राहिलं. पुणं सोडल्यावर पैशाची नड होती, तेव्हा फॉर्म 10C भरून पेन्शनचे पैसे काढून घेतलेत.

निवृत्त_अकाउंटंट: हे आधी सांगायचं ना! मग ती सव्वाचार वर्षं पेन्शनच्या मोजणीतून गेली. पहिल्या प्रश्नाला तरीही 'होय'च. दुसऱ्याला काय, यावर माझं आणि माझ्या जुन्या साहेबांचं शेवटपर्यंत जमलं नाही. एचआरला मेल कर, 10C ची तारीख लिही आणि उत्तर लेखी घे. तोवर Submit दाबू नकोस.