अंगावरून पांढरं जातंय, दर महिन्याला फ्लुकोनॅझोल घ्यावी का?

रानजाई: पाळी साधारण २८ दिवसांची. अठराव्या दिवसाच्या आसपास घट्ट पांढरं जायला लागतं, कपड्यावर सुकून पिवळट डाग पडतो. खाज नाही. बुरशी समजून दर वेळी फ्लुकोनॅझोल १५० ची एक गोळी घेते, पाळी येईपर्यंत थांबतं, पुढच्या महिन्यात परत तेच. या वेळी मात्र पाळी संपल्यावर पातळ, राखाडीसर जातंय आणि संबंधांनंतर वास येतो. पुन्हा तीच गोळी घेऊ?

मीनल_आर: वास म्हणजे इन्फेक्शन नक्की. बुरशीच असणार, गोळी कमी पडतेय. योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमॅझोल घे.

डॉ_सुलभा: वासाकडे लक्ष द्यायला हवं हे बरोबर, पण बुरशीला सहसा वास नसतो. तिची खूण म्हणजे खाज, लघवी करताना बाहेरच्या बाजूला आग आणि दह्याच्या गुठळ्यांसारखं जाणं.

रानजाई, तुमच्या आधीच्या तक्रारीला बहुधा औषधच नको होतं. बीज सुटायच्या सुमारास स्राव पारदर्शक असतो, दोन बोटांत धरला तर तार येते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि तोच स्राव घट्ट, पांढरा, कमी होतो. तुमचा अठरावा दिवस नेमका त्यातच येतो. सुकल्यावर पिवळट दिसतो तेही नेहमीचंच. गोळी घेतली नसती तरी पाळीपर्यंत तो ओसरलाच असता, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं.

आत्ताचं वेगळं आहे. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, म्हणजे योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याचा, संशय येतो. योनीमार्ग एरवी आम्लधर्मी असतो (पीएच साधारण ३.८ ते ४.५), या त्रासात पीएच त्याच्या वर जातो. वीर्य अल्कधर्मी असल्यामुळे संबंधांनंतर वास जास्त जाणवतो. यावर फ्लुकोनॅझोलचा उपयोग नाही, मेट्रोनिडॅझोल लागतं, बहुतेकदा सात दिवसांचा कोर्स. पण आधी तपासून घ्या, कारण ट्रायकोमोनास या संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गातही असाच वास येतो आणि तिथे जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. तपासणीसाठी योनीमार्गातल्या स्रावाचा नमुना, म्हणजे स्वॅब, घेतात; त्याच्या आधी दोन दिवस संबंध नकोत आणि आत कुठलंही औषध किंवा वॉश नको.

रानजाई: वास जावा म्हणून इंटिमेट वॉशने आतून धुतेय. तेही बंद करू?

डॉ_सुलभा: आजच. त्याने आम्ल राखणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू धुऊन जातात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

आशाताई५४: माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. मलाही पातळ जातं, कधी गुलाबी डाग. हेच का?

डॉ_सुलभा: नाही ताई. पाळी गेल्यानंतरचा गुलाबी डाग म्हणजे रक्तच धरायचं. कोरडेपणामुळेही येतो, पण गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी झाल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. याच आठवड्यात दाखवा.

मीनल_आर: मग मला खाज येते पण गुठळ्या नाहीत, ते काय?

डॉ_सुलभा: नुसत्या खाजेवरून सांगता येणार नाही. साबण किंवा पॅडच्या ॲलर्जीनेही येते. रानजाई, ओटीपोटात दुखलं किंवा ताप आला तर स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.