कोरियनमध्ये इंग्लिश 'यू' आणि 'शी' कुठे टाकायचे? (मॅनेजमेंट केस स्टडी)

मृण्मयी_पुणे
एक इंग्लिश केस स्टडी कोरियनमध्ये करतेय, जवळजवळ सगळी संवादातच आहे. पुण्याजवळच्या पार्ट्सच्या कारखान्यात अनिता राव नावाची ३४ वर्षांची नवी प्लांट हेड येते, तिच्या हाताखाली शिंदे, वय ५२, प्रॉडक्शनचे जुने माणूस, आणि त्यांच्या हाताखाली रोहित, २६ चा, क्वालिटीमध्ये. इंग्लिशमध्ये सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि सगळीकडे नुसतं यू, यू, शी, ही. वाचणार आहेत इथे बदलून येणारे कोरियन मॅनेजर. मी पहिली चार पानं यू ला 'दांगशिन' आणि शी ला 'गुन्यॉ' वापरून केली, तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे लाल केलंय आणि कारण काही लिहिलेलं नाही. दांगशिन म्हणजे तुम्हीच ना?

सचिन_टी
दांगशिन हा आदरार्थीच आहे, पुस्तकात तुम्ही असाच दिलाय. त्या बाईंची काहीतरी वैयक्तिक आवड असेल. तसंही आता कोरियात सगळं फ्लॅट झालंय, नावापुढे आपल्या 'जी' सारखं निम लावायचं आणि मोकळं व्हायचं.

दगडूशेठ_नव्हे
मी पण हेच विचारणार होतो!! सिरियल बघताना ओप्पा चं मराठी काय करायचं, दादा म्हटलं की प्रेमप्रकरणाचा सत्यानाश होतो.

मृण्मयी_पुणे
अहो ते उलट झालं, मी कोरियनमध्ये नेतेय, कोरियनमधून आणत नाहीये. 🙂

कुलकर्णी_सोल
मी बरीच वर्षं इथे कंपन्यांची कागदपत्रं करतेय म्हणून लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

सचिन, पुस्तकात दिलंय ते खोटं नाही पण अर्धवट आहे. दांगशिन जाहिरातीत चालतो, प्रश्नावलीत चालतो, नवराबायकोत चालतो, आणि समोरासमोर अनोळखी माणसाला म्हटला की भांडण सुरू होतं. ऑफिसात वरच्याला तर कोणीच म्हणत नाही, खालच्यालाही सहसा नाही. तिथे यू च्या जागी माणसाचं पद येतं, नाहीतर काहीच येत नाही. अनिताने शिंद्यांना विचारलं की तू ही बॅच चेक केलीस का, तर कोरियनमध्ये ती म्हणेल 'बुजांगनिम, ही बॅच चेक केलीत का', बुजांग म्हणजे विभागप्रमुख, आणि पुढच्या वाक्यापासून बुजांगनिम पण गायब, क्रियापदात मान दाखवणारा कोरियन 'शी' पुरतो. ती बॉस आहे पण ते १८ वर्षांनी मोठे आहेत, म्हणून निम आणि शी दोन्ही राहतात. शिंदे तिला म्हणतील गोंगजांगजांगनिम, म्हणजे कारखान्याच्या प्रमुख. रोहितला मात्र शिंदे नुसतं 'रोहित देरी' म्हणतील, निम न लावता, देरी हे खालच्या पायरीचं पद, किंवा 'रोहित स्सी', स्सी म्हणजे निम पेक्षा कमी मानाची हाक.

आणि गुन्यॉ बद्दल बाई बरोबर आहेत. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेखकांनी चालू केलेला शब्द, बोलण्यात कोणी वापरत नाही, संवादात आला की पात्र कादंबरी वाचून दाखवतंय असं वाटतं.

सचिन_टी
बरं, पण मग निम चं काय? सॅमसंगमध्ये सगळे निमच म्हणतात असं ऐकलंय.

कुलकर्णी_सोल
ते खरं आहे, सीजे या कंपनीने २००० मध्ये पदं बोलायची बंद करून सगळ्यांना निम केलं, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स ने २०१७ मध्ये, काकाओ मध्ये तर इंग्लिश नावं घेण्याची पद्धत पडली. पण पार्ट्सच्या कारखान्यातला मॅनेजर त्या जगातला असेलच असं नाही, आणि हाक सपाट केली तरी वाक्याचा शेवट निवडावाच लागतो, साधा नम्र यो लावायचा का औपचारिक सुम्निदा लावायचा का सलगीत काहीच नाही. मृण्मयीची केसच मुळी वरखाली या विषयावर आहे, तिथे सगळ्यांना निम केलं तर केस उरतच नाही.

मृण्मयी_पुणे
आता खरी अडचण सांगते. सहाव्या पानावर शिंदे रोहितला चहाच्या टपरीवर म्हणतात, शी डझन्ट नो द लाईन. आता अनिता तिथे नाही. इथे काय ठेवायचं?

कुलकर्णी_सोल
हा प्रश्न फार छान आहे कारण इथे दोन वेगवेगळी बटणं आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याच्यासाठी वाक्याचा शेवट, आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्यासाठी क्रियापदातला शी. मराठीत तुम्ही हे रोज करता. 'त्यांना लाईन कळत नाही रे' यात त्यांना अनितासाठी आणि रे रोहितसाठी, दोन्ही एकाच वाक्यात. आणि 'तिला लाईन कळत नाही रे' म्हटलं की रे तोच पण अनिताचा मान गेला.

कोरियनमध्ये पहिलं झालं 'गोंगजांगजांगनिमी राईनुल मोरुशिजी', पाठीमागेही मान ठेवलाय, शेवट मात्र सलगीचा. दुसरं झालं 'गोंगजांगजांगी राईनुल मोल्ला', निम गेलं, शी गेला. वाचणाऱ्या कोरियन माणसाला ही दोन वेगळी शिंदे दिसतील, एक काळजीत असलेले आणि एक चिडलेले. इंग्लिश शी मध्ये दोन्ही मावतात म्हणून तुम्हालाच ठरवावं लागेल. पुढच्या पानावर शिंदे काय करतात ते बघून ठरवा.

मृण्मयी_पुणे
पुढच्या पानावर ते तिला न सांगता शिफ्ट बदलतात.

कुलकर्णी_सोल
मग मोल्ला.

मनाली_नाशिक
माझा अनुभव जपानीचा आहे पण सांगते. अशा कामात मी आधी कोण कोणाशी असा तक्ता काढते, दोन्ही दिशांनी. चार माणसं असतील तर बारा दिशा होतात, प्रत्येक दिशेपुढे हाक काय आणि शेवट काय. मग मध्ये कुठे बदलतं ते पान लिहून ठेवायचं, नाहीतर तिसऱ्या पानावर शिंदे रोहितला देरी म्हणतात आणि अकराव्यावर निम. आणि वय लिहिलेलं नसेल तर क्लायंटलाच विचारायचं, अंदाजाने नाही.

एक शंका, रोहित अनिताशी बोलताना शिंद्यांबद्दल बोलला तर? जपानीत आपल्या माणसाला बाहेरच्यापुढे खाली आणतात.

कुलकर्णी_सोल
कोरियनमध्येही जुनी रीत थोडी तशीच होती, ऐकणारा अजून वरचा असला की मधल्याचा मान काढायचा. पण २०११ मध्ये कोरियन भाषेच्या राष्ट्रीय संस्थेने ऑफिसात सगळ्यांना शी लावावा असं सांगितलं, आता रोहितने अनितापुढेही शिंद्यांना बुजांगनिम म्हटलेलं बरं. जुने लोक अजून खटकून घेतात, ते असो.

सचिन_टी
पण मग इंग्लिश शी च गेली तर वाचणाऱ्याला कळणार कसं की अनिता बाई आहे? कोरियन माणसाला अनिता हे बाईचं नाव आहे हे माहीत असायचं कारण नाही.

मृण्मयी_पुणे
अरे हो!! आणि केसच्या शेवटी प्रश्नच आहे की प्लांट हेड पुरुष असता तर शिंदे असेच वागले असते का. म्हणजे ते कळायलाच हवं.

कुलकर्णी_सोल
सचिनने नेमकं पकडलं. निवेदनात पहिल्याच उल्लेखाला 'महिला प्लांट हेड' असं एकदा लिहा, नंतर आडनाव आणि पद. निवेदनात एखाददुसरं गुन्यॉ चालेल पण मी तेही काढते. संवादात बाई असण्याची खूण घालायची असेल तर ती शिंद्यांच्या तोंडी यायला हवी आणि मुळात नसेल तर आपण घालायची नाही.

मृण्मयी_पुणे
शेवटचं. भांडणात शिंदे अनिताला तोंडावर म्हणतात, यू केम हिअर एट मंथ्स अगो. इथे तरी दांगशिन?

कुलकर्णी_सोल
मी ठेवीन. पूर्ण केसमध्ये हा एकच दांगशिन राहिला तर वाचणारा दचकेल, आणि तेच हवंय.

मनाली_नाशिक
मला जास्त वाटतंय. इंग्लिशमध्ये ते वाक्य तक्रारीचं आहे, राजीनाम्याचं नाही. दांगशिन म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी शिंदे कामावर कसे येतात? मी 'गोंगजांगजांगनिमुन आठच महिन्यांपूर्वी आलात' एवढंच ठेवीन, टोमणा पुरतो.

कुलकर्णी_सोल
टोमणा पुरतो हे मान्य, पण आठव्या पानावरच्या मीटिंगमध्ये ते रागाने उठून गेलेत ना? त्यानंतर निम टिकेल असं मला वाटत नाही.

मृण्मयी_पुणे
दोन्ही लिहून लाल पेनवाल्या बाईंकडे पाठवते, ह्यावेळी कारण लिहून मागते.